कॅटाटोनिया: न बोलणारा, न हलणारा रुग्ण कसा ओळखावा आणि पहिल्या चोवीस तासांत काय करावे

कॅटाटोनियामध्ये माणूस जागा असतो, बहुतेक वेळा आजूबाजूचे सगळे ऐकत असतो, पण हालचाल सुरू करणे, ती थांबवणे, बोलणे, गिळणे यांवरचा त्याचा ताबा सुटलेला असतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो कधी झोपलेला वाटतो, कधी हट्टाला पेटलेला, तर कधी कशाने तरी पछाडलेला. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल काहलबाऊम यांनी १८७४ मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर अनेक दशके ती केवळ स्किझोफ्रेनियाचा एक प्रकार मानली गेली. आज चित्र वेगळे आहे. तीव्र नैराश्य, बायपोलर आजार, मेंदूचा संसर्ग, मेंदूवर हल्ला करणारी प्रतिपिंडे, रक्तातील क्षारांचा बिघाड, काही औषधे सुरू होणे आणि काही अचानक बंद होणे, अशा अनेक कारणांनी कॅटाटोनिया होऊ शकतो. म्हणूनच "हा मानसिक रुग्ण आहे, उद्या नेऊ" असे म्हणत घालवलेली रात्र महागात पडते.

या लेखात मी एकाच प्रसंगाचा विचार करणार आहे. घरातल्या एखाद्या प्रौढ माणसाने बोलणे आणि हलणे थांबवले आहे, आणि त्याला कुठे, कसे, काय सांगून न्यायचे हे कुटुंबाला ठरवायचे आहे. सोबत एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका व्यक्तीचे नाही, अनेक रुग्णांच्या अनुभवांतून जुळवलेले आहे. नागपूरच्या नंदनवन भागात राहणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा चोवीस वर्षांचा मुलगा. मे महिना. दोन आठवड्यांपासून झोप कमी, जेवण कमी, "माझ्यामुळे सगळ्यांचं वाटोळं होणार" असे पुटपुटणे. मग एका सकाळी तो पलंगाच्या कडेला बसला आणि तसाच बसून राहिला. दुपारी आईने ताट पुढे केले तेव्हा त्याने तोंड घट्ट मिटून घेतले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाहेरचं काही तरी असेल." मोठा भाऊ म्हणाला, "नाटक करून राहिला, भूक लागली की उठेल." तो उठला नाही.

घरी काय पाहायचे

सर्वांत आधी पाहायचे ते रुग्ण बेशुद्ध आहे की जागा. पूर्ण बेशुद्ध माणसाचे अंग सैल पडते. स्टुपर, म्हणजे जागेपणी निश्चल होण्याच्या अवस्थेतला रुग्ण हलत नाही, पण त्याच्यात जागेपणाच्या खुणा सापडतात. डोळे उघडे असतील तर पापण्यांची उघडझाप फार कमी होते आणि नजर एका जागी खिळलेली राहते, मात्र एखादे वेळी ती माणसामागे किंचित सरकते. डोळे मिटलेले असतील आणि आपण पापणी हलकेच उचलायला गेलो, तर तो ती अधिकच घट्ट मिटतो. तरीही घरच्या घरी ही खात्री शंभर टक्के होत नाही. चेहऱ्याची एक बाजू लोंबत असेल, एकाच बाजूचा हात-पाय लुळा असेल, झटके येत असतील किंवा डोक्याला मार लागलेला असेल, तर कॅटाटोनियाचा विचार बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते.

दुसरी खूण मौनाची. रुसलेला माणूस बोलत नाही, पण रात्री सगळे झोपल्यावर उठून पाणी पितो, लघवीला जाऊन येतो, मोबाईल पाहतो. कॅटाटोनियातले मौन चोवीस तास एकसारखे असते, आणि त्याच्या जोडीला खाणे, पिणे, लघवी, थुंकी गिळणे हेही थांबते किंवा मंदावते. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत असेल तर ती खूण गांभीर्याने घ्यावी. काही रुग्ण पूर्ण गप्प नसतात. ते कुजबुजतात, किंवा आपण विचारलेला प्रश्नच जसाच्या तसा परत म्हणतात. "तुझं नाव काय?" या प्रश्नावर "तुझं नाव काय" एवढेच उत्तर येते.

तिसरी खूण विचित्र स्थितीची. निदानाला सर्वांत जास्त मदत तिचीच होते आणि ती नेमकी पाहणे सोपेही आहे. रुग्णाचा हात मनगटाशी धरून सावकाश वर करा आणि सोडून द्या. निरोगी माणूस हात लगेच खाली घेतो, बेशुद्ध माणसाचा हात धपकन पडतो. कॅटाटोनियात तो हवेत तसाच राहू शकतो, कधी काही मिनिटे, कधी त्याहून कितीतरी जास्त वेळ, आणि ती स्थिती कोणालाही अवघडून टाकणारी असली तरी रुग्ण तक्रार करत नाही. हात वळवताना सुरुवातीला थोडा विरोध जाणवतो आणि मग तो उबेने मऊ झालेल्या मेणबत्तीसारखा सावकाश, एकसारखा वळत जातो. काही रुग्णांत याच्या उलट घडते. आपण जेवढा जोर लावू तेवढाच विरोध तो करतो. आणखी एक खूण अशी की रुग्ण उताणा झोपलेला असतो, डोक्याखालची उशी काढून घेतली तरी डोके गादीवर टेकत नाही, अदृश्य उशीवर ठेवल्यासारखे अधांतरीच राहते. आमच्या उदाहरणातल्या मुलाच्या भावाने हे रात्री दहाच्या सुमारास पाहिले आणि त्यानंतर त्याने "नाटक" हा शब्द उच्चारला नाही. मान तशी अर्धा तास धरून ठेवण्याचा प्रयत्न कोणीही स्वतः करून पाहावा, म्हणजे हे नाटक का असू शकत नाही ते कळेल.

हस्तांदोलनासाठी हात पुढे केला तर रुग्णाचा हात अर्धवट पुढे येतो, अडकतो, मागे जातो, पुन्हा पुढे येतो. दोन विरुद्ध आज्ञांमध्ये तो सापडलेला असतो. विनाकारण चेहरा वेडावाकडा करणे, एकच निरर्थक हालचाल तासन्‌तास करत राहणे, टाचा उचलून चालणे, समोरच्याची प्रत्येक हालचाल नक्कल केल्यासारखी करणे, याही खुणा आहेत. शिवाय कॅटाटोनिया नेहमी शांतच असतो असे नाही. तासन्‌तास पुतळा झालेला रुग्ण एकाएकी उठून हेतुशून्य धावपळ करू शकतो, काचेवर हात मारू शकतो. म्हणून रुग्णाजवळ सतत कोणीतरी असावे आणि खोलीत धारदार वस्तू किंवा उघडी गॅलरी नसावी.

प्रचलित निकषांनुसार अशा बारा लक्षणांपैकी किमान तीन असली तर कॅटाटोनिया म्हणतात. घरच्यांनी मोजदाद करण्याची गरज नाही. बोलणे आणि हलणे थांबले आहे आणि त्याबरोबर वरीलपैकी एखादी विचित्र स्थिती दिसते आहे, एवढे रुग्णालयात जाण्यासाठी पुरेसे आहे.

आणीबाणी का

कॅटाटोनिया स्वतः क्वचितच जीव घेतो. जीव घेतात ते त्याचे परिणाम, आणि ते तासांच्या हिशेबाने वाढतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा हवेत पाणी न पिणाऱ्या माणसाच्या शरीरातले पाणी एका दिवसातच धोकादायक पातळीला येऊ शकते. मूत्राशय भरलेले असते, पण लघवी सोडण्याची क्रिया सुरू होत नाही. गिळणे मंदावल्यामुळे लाळ किंवा पाजलेले पाणी फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. एकाच जागी ताठ राहिलेल्या स्नायूंची झीज होऊन त्यातले घटक मूत्रपिंडावर भार टाकतात. आणि पायाच्या खोल शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या बनतात.

या गुठळ्यांबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण त्यांचा सर्वांत वाईट परिणाम रुग्ण सुधारू लागल्यानंतरही दिसू शकतो. अनेक दिवस न हललेला माणूस उठून चालू लागतो, घरचे आनंदात असतात, आणि पिंडरीतली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते. म्हणून एका पायाला सूज, पिंडरी दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही दिसले तर रुग्ण बरा होतो आहे या समाधानात ते दुर्लक्षित करू नये. रुग्णालयात असताना गुठळी टाळण्यासाठी हेपरिनचे इंजेक्शन सुरू आहे का, हे नातेवाईकांनी जरूर विचारावे.

कॅटाटोनियाचा सर्वांत धोकादायक प्रकार तापासह येतो. अंग ताठ, ताप चढता, नाडी वेगवान, रक्तदाब कधी वर तर कधी खाली, घाम. ही घातक कॅटाटोनियाची खूण आहे आणि तिच्यासाठी अतिदक्षता विभाग लागतो. हेच चित्र मनोविकारांवरच्या काही औषधांच्या, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या इंजेक्शनच्या, दुष्परिणामातही दिसते. उन्हाळ्यात ताप आला की "ऊन लागलं" म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. उष्माघात ही खरी शक्यता आहेच, पण ताठरपणा आणि मौन आधी सुरू झाले असेल, तर ते डॉक्टरांना ठासून सांगावे.

रुग्णालयात नेण्यापूर्वी

चमच्याने बळजबरी पाणी किंवा ग्लुकोज पाजू नये. रुग्ण स्वतः घोट गिळताना दिसला तरच बसवून थोडे थोडे द्यावे. थापड मारणे, चिमटे काढणे, कांदा किंवा चप्पल हुंगवणे यांनी काही साधत नाही. त्याच्यासमोर काय बोलायचे याचेही भान ठेवावे. बरे झालेले अनेक रुग्ण त्या तासांत उच्चारलेली वाक्ये नंतर जशीच्या तशी सांगतात.

निघण्याआधी मोबाईलवर एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा. त्यात हात वर करून सोडणे आणि नाव विचारणे एवढे असले तरी पुरे. कॅटाटोनिया तासागणिक बदलतो, आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्ण एखादा शब्द बोललेला असतो, त्यामुळे "काही नाही, घरी न्या" असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. मग एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात: शेवटचे नीट कधी बोलला, शेवटचे पाणी कधी प्यायला, शेवटची लघवी कधी झाली, ताप आहे का, आधीच्या दोन-तीन आठवड्यांत झोप, मनःस्थिती, बोलणे कसे बदलले. घरात सापडतील तेवढी औषधांची पाकिटे पिशवीत घालावीत. झोपेची किंवा चिंतेची गोळी, म्हणजे क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी, बरेच दिवस घेऊन अचानक बंद केली असेल तर तेच कॅटाटोनियाचे कारण असू शकते. दारू सोडली असेल, नुकतीच प्रसूती झाली असेल, पूर्वी फिट किंवा मानसिक आजार असेल, तर तेही लिहावे.

कुठे न्यायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम आहे. पहिली भेट अशा रुग्णालयात व्हावी जिथे अपघात विभाग, रक्ततपासणी, मेंदूचे स्कॅन आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात आहेत. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेडिकल, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेयो, किंवा मिहानमधील एम्स हे पर्याय आहेत. मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालयाचा अनुभव मोठा आहे, पण ज्याने दिवसभर पाणी घेतलेले नाही किंवा ज्याला ताप आहे, त्याच्या पहिल्या काही तासांची गरज शारीरिक तपासण्यांची असते. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये, कारण रुग्ण स्वतःला सावरू शकत नाही.

अपघात विभागात गर्दी असते, आणि "बोलत नाही" एवढेच सांगितले तर रुग्ण रांगेत मागे पडतो. आमच्या उदाहरणातली आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हा कालपासून काही बोलूनच नाही राहिला." भावाने त्यात भर घातली: "काल सकाळी नऊपासून बोलणं, चालणं बंद आहे. पाणी नाही, सोळा तास लघवी नाही. हात वर केला तर तसाच राहतो, हा व्हिडिओ पाहा. कॅटाटोनियासाठी तपासाल का?" या चार वाक्यांमुळे डॉक्टरांना वेळ आणि दिशा दोन्ही मिळाली.

रुग्णालयात काय व्हायला हवे

पहिल्या काही मिनिटांत रक्तातील साखर, ताप, नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहिला जातो. त्या मुलाची नाडी ११२ होती, ताप ९९.६ अंश फॅरनहाइट होता आणि मूत्राशय फुगलेले होते. नळी टाकल्यावर ९०० मिली लघवी निघाली. रक्तात सोडियम वाढलेले होते, म्हणजे शरीरातले पाणी कमी झाले होते. अनेक दिवस उपाशी असलेल्याला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी किंवा तिच्यासोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, द्यावे लागते. ते नसताना नुसते ग्लुकोज मेंदूला इजा करू शकते. पोटभर आहारही एकदम सुरू करत नाहीत, कारण त्यामुळे रक्तातील फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरतात.

स्नायूंची झीज दाखवणारी सीपीके तपासणी, मूत्रपिंडाची तपासणी, ईसीजी, आणि गरजेनुसार मेंदूचा स्कॅन व मेंदूच्या विद्युत लहरी नोंदवणारा ईईजी करतात. ताप असेल, झटके येत असतील, किंवा आधी मानसिक त्रास नसलेल्या तरुण माणसाचे वागणे काही दिवसांत झपाट्याने बदलले असेल, तर पाठीच्या कण्यातील पाणी तपासणे आवश्यक ठरते. एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे होणारा मेंदूदाह २००७ मध्ये ओळखला गेला. तो तरुण मुलींमध्ये विशेषत्वाने आढळतो, काहींमध्ये अंडाशयातील गाठीशी जोडलेला असतो, आणि सुरुवातीला हुबेहूब मानसिक आजारासारखा दिसतो. या तपासणीला घाबरून नकार देणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. अशा रुग्णात तीच तपासणी उपचाराची दिशा ठरवते.

यानंतर येते लोराझेपामची चाचणी. आधी रुग्णाच्या लक्षणांची नोंद करतात, त्यासाठी बुश-फ्रान्सिस नावाची गुणांची पट्टी वापरतात. मग एक किंवा दोन मिलिग्रॅम लोराझेपाम शिरेतून सावकाश देतात आणि सुमारे पाच मिनिटांनी पुन्हा तपासतात. फरक नसेल तर दुसरा डोस देतात. गुण निम्म्याने घटले तर चाचणी सकारात्मक मानतात. औषध स्नायूत दिले तर पंधरा मिनिटे आणि तोंडाने दिले तर अर्धा तास थांबतात. श्वासावर लक्ष ठेवावे लागते, म्हणून ही चाचणी रुग्णालयातच करायची असते. घरातली झोपेची गोळी देऊन पाहण्याचा प्रकार करू नये.

त्या मुलाला सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी दोन मिलिग्रॅम दिले. सात मिनिटांनी त्याने मान आईकडे वळवली आणि "पाणी" म्हणाला. आईला वाटले संकट टळले. दुपारी तीन वाजता तो पुन्हा तसाच ताठ झाला. येथे अनेक कुटुंबे खचतात आणि काही डॉक्टरही "औषध लागू पडले नाही" असे समजतात. प्रत्यक्षात एका डोसाचा परिणाम काही तासांत ओसरणे अपेक्षितच असते, म्हणून औषध ठरलेल्या वेळांना, दिवसातून तीन-चार वेळा द्यायचे असते. रुग्ण झोपला आहे म्हणून डोस चुकवला तर सुधारणा मागे जाते. दररोज आठ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्राही कॅटाटोनियात लागू शकते. एरवी एवढ्या मात्रेने माणूस गाढ झोपला असता, पण हे रुग्ण ती घेऊन अनेकदा अधिक जागे होतात.

चाचणी सकारात्मक आली म्हणजे आजार मानसिकच आहे, असा अर्थ काढू नये. मेंदूदाहामुळे झालेला कॅटाटोनियाही लोराझेपामने तात्पुरता सैलावतो. कारण शोधण्याचे काम त्यामुळे थांबत नाही.

याच टप्प्यावर एक प्रश्न नम्रपणे पण नक्की विचारावा: "हॅलोपेरिडॉल किंवा तत्सम इंजेक्शन दिले आहे का, देणार आहात का?" रुग्ण उठून आरडाओरडा करू लागला की ते देण्याचा मोह होतो. कॅटाटोनिया सुरू असताना, विशेषतः शरीरात पाणी आणि लोह कमी असताना, अशी औषधे ताप-ताठरपणाच्या घातक अवस्थेकडे ढकलू शकतात.

लोराझेपामने दोन-तीन दिवसांत पुरेसा फरक पडला नाही, किंवा सुरुवातीपासूनच ताप आणि अस्थिर रक्तदाब असेल, तर विद्युत उपचार, म्हणजे ईसीटी, लांबवू नये. सिनेमांनी याबद्दल जी भीती बसवली आहे ती या रुग्णांच्या मुळावर उठते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यास मनाई आहे. रुग्ण काही मिनिटे झोपतो आणि जागा होतो. काही काळ विसरण्याचा त्रास होतो, डोकेही दुखते. कॅटाटोनियात मात्र याहून प्रभावी उपचार आज उपलब्ध नाही. त्याच कायद्याच्या कलम ९४ नुसार रुग्ण संमती देऊ शकत नसला तरी आणीबाणीचे उपचार ७२ तासांपर्यंत करता येतात, पण ईसीटी त्यात बसत नाही. त्यासाठी संमतीची स्वतंत्र प्रक्रिया असते, म्हणून रुग्णाच्या वतीने सही करू शकणारा नातेवाईक पहिल्या दिवसापासून हजर असावा.

बोलू लागल्यानंतर

तिसऱ्या दिवशी तो मुलगा सलग बोलू लागला. आपण हललो तर आई-वडील मरतील, अशी त्याची खात्री पटलेली होती. तीव्र नैराश्यात अशा भ्रामक कल्पना येतात, आणि त्याचे मूळ निदान तेच ठरले. कॅटाटोनिया सुटला म्हणजे ते नैराश्य गेले असे नाही. उलट हालचाल परत आलेली असताना तीच कल्पना शिल्लक असेल तर आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून या आठवड्यात रुग्णाला एकटे सोडू नये. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे.

घरी पाठवताना लोराझेपाम सुरूच असते. दिवसभर झोप येते म्हणून किंवा "सवय लागेल" या भीतीने ते स्वतःहून थांबवू नये. अचानक बंद केल्यास कॅटाटोनिया परत येऊ शकतो आणि झटकेही येऊ शकतात. मात्रा डॉक्टर काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि प्रत्येक टप्प्यानंतर दोन-तीन दिवस घरच्यांनी जेवणाला लागणारा वेळ, उत्तर देण्यातला उशीर आणि पापण्यांची उघडझाप पाहावी. घास तोंडात धरून ठेवणे ही आजार परतत असल्याची लवकर दिसणारी खूण असू शकते. ती दिसली तर पुढची कपात थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. फाईलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: कॅटाटोनिया झाल्याची तारीख, लोराझेपामची कोणती मात्रा लागू पडली, ईसीटी लागली का, आणि कोणत्या औषधाने त्रास वाढला. पुढच्या वेळी रुग्ण वेगळ्या रुग्णालयात, वेगळ्या डॉक्टरांसमोर असेल, आणि स्वतः काही सांगू शकणार नाही.